पाडव्याची गुढी आणि शके १६१० : एका वादावर वर्तमानपत्रात लेख लिहिताना

फाल्गुन संपत आला की एक मजकूर दरवर्षी मोबाइलवर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच असतो. औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांची हत्या फाल्गुन अमावास्येला केली, त्यांचे शिर काठीवर लावून मिरवले, त्या आनंदात ब्राह्मणांनी दुसऱ्या दिवशी घरोघरी काठीवर उलटा तांब्या चढवायला लावला, आणि तोच पुढे गुढीपाडवा झाला, असे त्यात म्हटलेले असते. लगेच दुसऱ्या बाजूने उत्तर येते : ज्ञानेश्वरीत गुढी आहे, विषय संपला. मग दैनिकाच्या संपादकीय पानावरून कुणा अभ्यासकाला फोन जातो. पाडव्याच्या आधी नऊशे शब्दांत या वादाचा उलगडा करून हवा असतो.

हे प्रकरण त्या नऊशे शब्दांचे आहे. दावा चुकीचा आहे हे दाखवणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते हे की, तो खोडताना आपल्या हातात आहे त्यापेक्षा जास्त पुरावा असल्यासारखे लिहायचे नाही, आणि एक निराधार कथा काढून तिच्या जागी दुसरी निराधार कथा बसवायची नाही. अशा लेखांची बहुतेक घसरण या दोन जागी होते.

दाव्यात खरे काय आहे

पहिले काम म्हणजे दाव्याची वाक्ये सुटी करणे. तो एकसंध वाचला की पूर्ण खरा किंवा पूर्ण खोटा वाटतो. सुटा केला की त्यात चार वेगळी विधाने निघतात : महाराजांची हत्या फाल्गुन अमावास्येला झाली, त्यांचे शिर मिरवले गेले, सण दुसऱ्या दिवशी सुरू झाला, तो अमुक समाजाने सुरू करवला.

यातली पहिली दोन खरी आहेत. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्यात जपलेल्या शकवार घटनांच्या यादीत, शके १६१०, विभव संवत्सर, फाल्गुन वद्य अमावास्या ही नोंद आहे. ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणली आणि मराठ्यांच्या इतिहासातल्या कित्येक तिथ्या तिच्यावरून पक्क्या झाल्या. संगमेश्वरला झालेली अटक, तिथून बहादूरगडाला नेणे आणि शेवटी भीमा-इंद्रायणीच्या संगमाजवळची हत्या हा क्रम सर्वमान्य आहे. महाराज आणि कवी कलश यांची शिरे पेंढा भरून दख्खनच्या मोठ्या शहरांतून ढोल-कर्णे वाजवत फिरवली गेली, हेही मोगलांच्या बाजूच्या फारसी लिखाणावरून इतिहासात नोंदले गेले आहे.

लेखात हे आधी आणि स्पष्ट लिहायला हवे. कारण दाव्याला जी धार येते ती या खऱ्या भागातून येते. ज्याला तो मजकूर वाचून वाईट वाटते त्याचे दुःख खऱ्या घटनेबद्दल आहे. लेखाचा पहिला परिच्छेदच ‘ही अफवा आहे’ असे म्हणत सुरू झाला, तर त्या वाचकाला वाटते की हत्याच नाकारली जात आहे, आणि तो पुढे वाचत नाही. शिरे मिरवली ती मोगल फौजेने, बादशाहाच्या हुकुमाने, शहरोशहरी. घराच्या दारातल्या काठीशी त्याचा संबंध फक्त दिसण्यातल्या सारखेपणाचा आहे. हा फरक एका वाक्यात सांगता येतो, पण तो खरे मान्य केल्यानंतर सांगायचा असतो.

अकरा मार्च आणि पाडवा : तारखेची गाठ

लेख छापून आला की हमखास एक पत्र येते. हत्या ११ मार्च १६८९ ची, पाडवा तर साधारण मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये येतो, मग अमावास्येचा दुसरा दिवस पाडवा कसा? कधी ही शंका दाव्याच्या विरोधकच पुराव्यासारखी वापरतात : तारखाच जुळत नाहीत, म्हणून सगळे खोटे. हा युक्तिवाद चुकीचा आहे आणि तो लेखात येता कामा नये.

११ मार्च ही जुन्या, म्हणजे ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे. इंग्रजांनी आजचे ग्रेगोरियन कॅलेंडर १७५२ मध्ये स्वीकारले. मराठेशाहीच्या इतिहासकारांनी त्यापूर्वीच्या घटना जुन्या पद्धतीने लिहिण्याचा प्रघात ठेवला. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणजे आजच्या पद्धतीने ती तारीख २१ मार्च १६८९ होते, आणि चंद्राच्या गणिताने त्या दिवशी अमावास्या पडते. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही याच जुन्या पद्धतीची आहे, आजच्या पद्धतीने ती १ मार्च होईल. गोव्यात पोर्तुगीज मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून नव्या कॅलेंडरने लिहीत होते. त्यामुळे एकच घटना सुरतेच्या इंग्रज कागदात आणि गोव्याच्या पोर्तुगीज कागदात दहा दिवसांच्या फरकाने दिसते. अभ्यासकाला हे पाठ असते, वाचकाला ते सांगावे लागते.

दुसरी चूक शकाच्या रूपांतरात होते. शके १६१० मध्ये ७८ मिळवले की १६८८ येते, आणि एखादा उपसंपादक ‘साल चुकले का?’ म्हणून विचारतो. शकवर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या दोन-अडीच महिन्यांसाठी, म्हणजे जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत, ७९ मिळवायचे असतात. १६१० अधिक ७९ म्हणजे १६८९.

याच रूपांतरात वादाचे एक उत्तर दडलेले आहे आणि ते बहुतेक लेखांतून सुटते. हत्येची तिथी देणारी नोंद शके १६१० च्या शेवटच्या दिवशी पडते. दुसऱ्या दिवशी शके १६११ लागते. म्हणजे जिच्यावरून आपल्याला तिथी कळते, त्या शकावलीची सगळी कालगणनाच चैत्र शुद्ध प्रतिपदा हा वर्षाचा पहिला दिवस धरून चाललेली आहे. तो दिवस त्या घटनेमुळे वर्षारंभ झाला असता तर १६१० पर्यंतचे आकडे कुठून मोजत आलो, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. तिथ्यांची ही लागोपाठ गाठ दुःखद आहे, पण ती पंचांगाची गाठ आहे.

एक सण, तीन प्रश्न

गुढीपाडवा केव्हापासून, असे विचारले की तीन वेगळे प्रश्न एकत्र विचारले जातात. चैत्र शुद्ध प्रतिपदा हा वर्षारंभ केव्हापासून? गुढी उभारणे केव्हापासून? आणि त्या दिवशी गुढी उभारणे केव्हापासून? पहिल्या प्रश्नाचा पुरावा तिसऱ्याला लावता येत नाही, दुसऱ्याचाही नाही. वादातला सगळा गोंधळ इथे होतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भक्कम आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या चतुर्वर्गचिंतामणीत ब्रह्मपुराणातला श्लोक उद्धृत आहे : चैत्रे मासि जगद्ब्रह्मा ससर्ज प्रथमेऽहनि. ब्रह्मदेवाने जग चैत्राच्या पहिल्या दिवशी निर्माण केले, ही कल्पना तेराव्या शतकात महाराष्ट्राच्या राजधानीत बसून लिहिलेल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात आहे. १६८९ च्या सुमारे चारशे वर्षे आधीची. शिवाय हाच दिवस कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणात उगादी म्हणून, गोव्यात संवसार पाडवो म्हणून पाळला जातो. एका हत्येच्या आनंदात सुरू झालेला दिवस इतक्या प्रदेशांत, इतक्या नावांनी नववर्ष म्हणून रुजल्याचे स्पष्टीकरण दाव्यात कुठेच मिळत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही चांगले आहे, पण ते नीट वाचावे लागते. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातली ओवी सगळ्यांना माहीत असते :

अधर्माची अवधी तोडीं । दोषांचीं लिहिलीं फाडीं ।
सज्जनांकरवीं गुढी । सुखाची उभवीं ॥

संदर्भ ‘संभवामि युगे युगे’चा आहे. अवतार घेऊन मी अधर्माचा अंत करतो आणि सज्जनांच्या हातून सुखाची गुढी उभारवतो, असे श्रीकृष्ण सांगत आहे. यातून काय कळते? तेराव्या शतकातल्या मराठी श्रोत्याला गुढी ही विजयाची, आनंदाची खूण म्हणून इतकी ओळखीची होती की ती रूपक म्हणून वापरता आली. ज्याने कधी गुढी पाहिलीच नाही, त्याला ‘सुखाची गुढी’ कळणार नाही. हा अनुमानाचा भाग रास्त आहे. पण ओवीत चैत्र नाही, प्रतिपदा नाही, पाडवा हा शब्द नाही. चोखोबांच्या ‘टाळी वाजवावी गुढी उभारावी’ या अभंगातली गुढी पंढरीच्या वाटेवरची आहे. तिथे गुढी म्हणजे पताका. संतसाहित्यातल्या बहुतेक गुढ्यांना असेच वाचावे लागते.

इथे एक सूक्ष्म आक्षेप येऊ शकतो आणि लेखकाने त्याला तयार असावे. कुणी म्हणेल, ज्ञानेश्वरी १२९० ची खरी, पण आज हाती असलेली प्रत ज्ञानेश्वरांच्या हातची नाही, नंतर कुणी शब्द घुसडला नसेल कशावरून? प्रश्न योग्य आहे. उत्तर असे की एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये पूर्ण केले. प्रचलित पाठाची परंपरा तिथपर्यंत मागे जाते, आणि तेही १६८९ च्या शंभर वर्षे आधीचे आहे. अभंगांचे तसे नाही. गाथा पुढच्या काळातल्या वह्यांवरून छापल्या गेल्या, त्यांत अभंग इकडचे तिकडे झाले. म्हणून चोखोबांचा अभंग अर्थ समजवायला घ्यावा, काळ ठरवायला ज्ञानेश्वरीवर विसंबावे. एकच चांगला पुरावा नीट मांडला तर तो दहा अर्धवट उद्धरणांपेक्षा वाचकाच्या जास्त लक्षात राहतो, आणि विरोधकाला कमकुवत दुवा पकडून पूर्ण साखळी तोडता येत नाही.

महाभारताचा आधारही इथेच घेतला जातो. आदिपर्वात उपरिचर वसू राजाला इंद्र वेळूची काठी देतो, राजा ती जमिनीत रोवतो, आणि तेव्हापासून राजे लोक ती गंध, माळा, अलंकारांनी सजवून उभारतात, अशी कथा आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ती सत्तावन्नाव्या अध्यायात आहे, म्हणजे प्रक्षिप्त म्हणून बाजूला काढलेली नाही. सजवलेली काठी उभारणे ही भारतातली फार जुनी पूजापद्धती आहे, एवढे त्यातून निश्चित कळते. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्या पाहिलेल्या माणसाला ते वेगळे सांगायला नको. पण वराहमिहिराच्या बृहत्संहितेत इंद्रध्वजाचा, म्हणजे इंद्राच्या या काठीचा, उत्सव भाद्रपदात सांगितला आहे, आणि काठमांडूच्या इंद्रजात्रेत आजही लिंगो नावाचा उंच खांब उभारला जातो तो भाद्रपदातच. तेव्हा ‘गुढीपाडव्याचा उल्लेख महाभारतात’ असे लिहिले तर पाच महिन्यांची उडी मारली जाते, आणि ज्याने बृहत्संहिता उघडली आहे तो ती लगेच दाखवतो.

राहिला तिसरा प्रश्न, तिथी आणि गुढी यांच्या जोडीचा. त्याला लागणारा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. १६८९ पूर्वीचा, दिनांक असलेला आणि दोन्ही गोष्टी एका ठिकाणी आणणारा मजकूर हवा. तो शोधायच्या जागा म्हणजे इनामपत्रे, गावसभांचे लेखी निवाडे असलेले महजर, देवस्थानांचे जमाखर्च आणि वतनदारांच्या मानपानाच्या याद्या. कुठल्या सणाला कुणाचा मान पहिला यावर गावोगाव तंटे होत आणि त्यांचे निवाडे लिहून ठेवले जात, म्हणून अशा याद्यांत सण ओळीने येतात. सण-व्रतांचे नियम सांगणारा धर्मसिंधुसारखा ग्रंथ इथे चालत नाही. काशीनाथ उपाध्यायांनी तो पंढरपुरात लिहिला हे जवळचे वाटते, पण तो १७९०-९१ चा आहे. शंभर वर्षे नंतरच्या ग्रंथाने आधीची गोष्ट सिद्ध होत नाही, आणि तरीही तो या वादात उत्साहाने उद्धृत होतो.

मोबाइलवर आलेले मोडी कागदाचे छायाचित्रही तसेच छापता येत नाही. आधी तो कागद कोणत्या संग्रहातला, कोणत्या खंडात छापलेला, लेखांक कोणता हे हवे. मग मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घ्यायचा. आणि शेवटी शक, संवत्सराचे नाव, तिथी आणि वार एकमेकांशी जुळतात का ते तपासायचे. संवत्सरांची साठ नावे ठराविक क्रमाने फिरतात : शके १६०९ प्रभव, १६१० विभव, १६११ शुक्ल. कागदावर शके १६१० आणि संवत्सर शुक्ल असे असेल, तर एक तर वाचणारा चुकला आहे किंवा लिहिणारा नंतरचा आहे. ही तपासणी घरी पंचांगाचे कोष्टक असेल तर पाच मिनिटांची आहे.

तिसऱ्या प्रश्नावर लेखकाने मौन पाळले तरी दावा सिद्ध होत नाही, हेही वाचकाला सांगायला हवे. ‘त्या दिवशी गुढी उभारल्याचा आधीचा कागद दाखवा’ असे म्हणणाऱ्याकडेही एक जबाबदारी येते. अमुक साली, अमुक लोकांनी, अमुक कारणाने हे सुरू केले, हे त्याचे स्वतःचे विधान आहे आणि त्याला त्याचा स्वतःचा पुरावा लागतो. जेधे शकावलीत तसे काही नाही. औरंगजेबाच्या कारकिर्दीचा दरबारी वृत्तांत असलेल्या मासिर-इ-आलमगिरीतही नाही, आणि बादशाहाच्या विजयाचा आनंद कुणी घरोघर साजरा केला असता तर ते लिहिण्यात त्या लेखकाला अडचण नव्हती.

उलटा तांब्या

सामान्य वाचकाला पटते ते कागदाने नाही, डोळ्यांनी. काठी, तिच्यावर पालथे भांडे, खाली वस्त्र. डोके आणि अंगरखा. एकदा असे पाहिले की दुसरे काही दिसत नाही. शुभकार्यात कलश सरळ असतो, देवळाच्या शिखरावर सरळ असतो, मग इथेच पालथा का, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला शास्त्रवचनाने उत्तर देऊ नये.

गुढी बांधताना पाहावे. वेळूची काठी धुऊन पुसून घेतात. टोकाला खण किंवा साडी चुण्या घालून दोरीने आवळतात, त्यावर कडुलिंबाचा डहाळा, आंब्याची पाने, फुलांचा हार आणि साखरेची गाठी बांधतात. आता टोकावर तांब्या बसवायचा आहे. तांब्याचे तोंड उघडे, बूड बंद. सरळ ठेवायचा तर गोलसर बूड काठीच्या अंगठ्याएवढ्या टोकावर तोलून धरावे लागेल, आणि काठी तिरपी करून खिडकीला बांधली की तो पहिल्याच झुळकीला खाली येईल. पालथा घातला की काठीचे टोक तोंडातून आत शिरते, खालच्या चुण्या गळ्यापाशी दाटून बसतात आणि तांब्या हलत नाही. पूजेचा कलश सरळ असतो कारण त्यात पाणी असते आणि तो तांदळावर बसवलेला असतो. शिखरावरचा कलश सरळ असतो कारण तो तिथे कायमचा पक्का केलेला असतो. गुढीचा तांब्या यातला कुठलाच नाही.

पण याचेही मोजून माप घ्यावे. बसवण्याची ही रीत पालथ्या तांब्याचे पुरेसे कारण देते, एवढेच. तांब्या गुढीवर पहिल्यांदा कधी आला, हे तिच्यातून कळत नाही. आकारावरून काळ ठरत नाही, हा मुद्दा आपण दाव्याविरुद्ध वापरतो आहोत, तेव्हा तो आपल्यालाही लागू आहे.

रिकाम्या जागी काय भरू नये

दावा खोडून झाला की लेखकाला वाटते, वाचकाला आता ‘खरे कारण’ द्यायला हवे. मग दोन कथा हाताशी असतात.

पहिली, राम वनवासातून अयोध्येला परतला तो हा दिवस. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राम भरद्वाजांच्या आश्रमात पोचला ती तिथी दिलेली आहे : पंचमी. अयोध्या त्यानंतर. म्हणजे प्रतिपदा त्या ग्रंथाशी जुळत नाही. लोकांच्या श्रद्धेत ही कथा आहे, तिला मान आहे. ‘परंपरा अशी मानते’ असे लिहावे, ‘रामायणात आहे’ असे लिहू नये.

दुसरी, शालिवाहनाने मातीच्या सैनिकांत प्राण फुंकून शकांना हरवले आणि शक सुरू केला. इथे जास्त जपून पाय टाकावा लागतो, कारण इतिहासाचे खरे तुकडे आजूबाजूला पडलेले आहेत. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात घराण्यातल्या शक राजा नहपानाचा पराभव केला, हे नाशिकच्या लेण्यातल्या लेखावरून आणि जोगळटेंभीला सापडलेल्या, नहपानाच्या नाण्यांवर पुन्हा ठसा मारलेल्या नाण्यांवरून पक्के आहे. पण तो विजय या तिथीला झाला किंवा इ.स. ७८ चा शक त्याने सुरू केला, असे कोणताही लेख सांगत नाही. ऐहोळेच्या इ.स. ६३४ च्या प्रशस्तीत, म्हणजे राजाच्या स्तुतीच्या शिलालेखात, ही कालगणना शक राजांची म्हणूनच येते. शालिवाहनाचे नाव तिला कित्येक शतकांनी चिकटले. हरलेल्या शकांच्या नावाने विजेत्याने संवत्सर का चालवावे, हा प्रश्न चौकस विद्यार्थीही विचारतो. ज्या लेखात संभाजी महाराजांविषयीचा दावा समकालीन पुराव्याअभावी नाकारला, त्याच लेखात मातीचे सैनिक इतिहास म्हणून आले, तर वाचकाला दोन वेगळी मापे दिसतात. त्याचा राग मग रास्त असतो.

वाक्य आणि पान

पहिल्या खर्ड्यात साधारण असे वाक्य येते : ‘ज्ञानेश्वरीत गुढीपाडव्याचा उल्लेख असल्याने हा दावा धादांत खोटा ठरतो.’ यात गुढीचा गुढीपाडवा झाला आहे आणि एका प्रश्नाच्या उत्तराने तिन्ही प्रश्न मिटवले आहेत. ते असे मोकळे करावे :

‘चैत्र शुद्ध प्रतिपदा हा वर्षारंभ १६८९ च्या सुमारे चारशे वर्षे आधी महाराष्ट्रात लिहिलेल्या ग्रंथात आहे. आनंदाची खूण म्हणून गुढी उभारणे त्याच शतकातल्या ज्ञानेश्वरीत आहे. या सणाचा आरंभ संभाजी महाराजांच्या हत्येशी जोडणारी नोंद जेधे शकावलीत नाही, मोगलांच्या दरबारी वृत्तांतातही नाही.’

तीन वाक्ये, तीन वेगळे पुरावे. ‘धादांत’ गेले, ‘अफवा’ गेली, आणि वाक्य उलट जास्त घट्ट झाले. दाव्यातला समाजाचा उल्लेख लेखात एकदाच, दावा सांगताना, यावा. तो टाळला तर ज्याने मूळ मजकूर वाचला आहे त्याला लपवाछपवी वाटते. पुन्हा पुन्हा आणला तर लेख एका समाजाचे वकीलपत्र होतो आणि सणाचा प्रश्न बाजूला राहतो.

नऊशे शब्दांत खरे काय आहे याला दीडशे, तारखेला शंभर, तीन प्रश्नांना साडेतीनशे, तांब्याला दीडशे, रामायण-शालिवाहनाला शंभर आणि बाकी जोडणीला, असा हिशेब बसतो. क्रमाबाबत एक काळजी घ्यावी. पान लावताना जाहिरात वाढली की ओळी कापल्या जातात त्या शेवटून. मर्यादा सांगणारा परिच्छेद, म्हणजे ‘ओवीत चैत्र नाही’ हा, शेवटी ठेवला तर नेमका तोच जातो आणि लेखकाने न केलेला ठाम दावा त्याच्या नावाने छापून येतो. तो ज्ञानेश्वरीच्या ओवीला लागूनच, त्याच परिच्छेदात असावा.

मथळा लेखक देत नाही, उपसंपादक देतो. तरी लेख पाठवतानाच एक सुचवून ठेवावा. ‘संभाजी महाराजांच्या हत्येनंतर सुरू झाला गुढीपाडवा?’ असा प्रश्नार्थक मथळा आला तर लोक त्याचाच फोटो काढून पुढे पाठवतात, आणि प्रश्नचिन्ह कुणाच्या लक्षात राहत नाही. ‘वर्षप्रतिपदा १६८९ च्या चारशे वर्षे आधीची’ हा मथळा एकटा फिरला तरी चुकीचे काही पसरवत नाही. सोबतच्या छायाचित्राचेही तेच. गुढी आणि महाराजांची वढू बुद्रुकची समाधी शेजारी छापली की मजकुराने जे वेगळे केले ते चित्राने पुन्हा जोडले जाते.

लेख आल्यावर पत्रे येतील. त्यातले एखादे तिथी आणि गुढी एकत्र आणणारा १६८९ पूर्वीचा कागद पुढे करेल, खंड आणि लेखांकासह. तपासणीत तो टिकला तर लेखाला पुरवणी द्यावी आणि तिसऱ्या प्रश्नापुढे ते साल लिहावे. वर्षारंभाचे वाक्य आणि ज्ञानेश्वरीचे वाक्य यांना हात लावावा लागत नाही.